उत्तरेचा उजेड

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसते, आजही. तरी हे लिहितेय, कारण माझ्यावर चोरीचा आळ आहे आणि तो मला अजून झोंबतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. चिंचवड स्टेशनजवळ एक बंद पडलेली कापड गिरणी होती. तिची विणशेड आम्ही चौघांनी स्टुडिओसाठी भाड्याने घेतली. मी कापडावर ठसे छापायची, कांबळे लोखंडाची शिल्पं करायचे, बाकी दोघं चित्रकार. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. प्रत्येक दात्याची उभी बाजू उत्तरेकडे, काचेची. विणकराला तुटलेला धागा दिसावा म्हणून तशी बांधणी... थेट ऊन नाही, सावली नाही, रंग खरा दिसतो. आम्हाला तरी दुसरं काय हवं होतं?

पण शेड म्हणजे उकिरडा होता. फरशीत मुरलेलं तेल लाकडाचा भुसा आणि कॉस्टिक सोडा टाकून खरवडलं. मागांचे बोल्ट कापून भोकं बुजवली. छपराच्या लोखंडी कैच्यांवर कापसाची बोटभर पिंज साचलेली. ती झाडल्याशिवाय कांबळेंनी वेल्डिंगला हात लावला नाही, एक ठिणगी पुरली असती. पार्टिशनं डोक्याइतकीच ठेवली, उजेड सगळ्यांना मिळावा म्हणून. वर्ष गेलं त्यात!

शेड चकाचक झाल्यावर मालक शेठना ती एका कंपनीला गोडाऊनसाठी द्यायचं सुचलं. आम्ही हलेना, तर त्यांनी गळतीचं निमित्त करून सगळ्या काचांवर बाहेरून पत्रे ठोकून घेतले. अंधारात किती दिवस बसाल, हा हिशेब.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं... उजेड जसाच्या तसा.

मला वाटलं पत्रेवाल्याने फसवलं. पत्रे ठोकणाऱ्या मारुतीला बोलावलं. तो वर चढला, एकेका पत्र्यावर हातोडी आपटली. आवाज आमच्या डोक्यावर घुमत होता आणि उजेड माझ्या हातावर होता. खाली आला तेव्हा त्याला घाम फुटलेला. म्हणाला, "ताई, समदं बंद हाय. मी सोता ठोकलंय."

शेठ घाबरले? छे. कंपनीच्या साहेबाला आणून दाखवलं, दिवसा बल्बची गरज नाही म्हणून! आणि आम्हाला बाहेर काढलं. माझं छपाईचं टेबल शेवटी निघालं. ते उंबऱ्याबाहेर पडलं आणि मागे शेडमध्ये काळोख झाला. कांबळेंनीही पाहिलं. ते नुसते म्हणाले, "चला."

आठवड्याभराने शेठ माझ्या दारात. पत्रे उपटले, काचा पुसल्या, तरी आत तिन्हीसांजच. "काय घेऊन गेलात तुम्ही?" वर्षभर राबवून हुसकावलं आणि वर हा प्रश्न! मी दार लावून घेतलं. गावभर ते आम्हाला चोर म्हणत राहिले.

मी काही नेलेलं नाही. कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. आता घराच्या मागच्या खोलीत छापते. त्या खोलीला खिडकी नाही, आणि रंग बघायला मी आजवर दिवसा बल्ब लावलेला नाही.