निमगोरे बाबा

"संप सुटला नाही, माणूस सुटला," असं आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत बाबांबद्दल म्हणायचे. गिरणीच्या संपात बाबा गेले तेव्हा मी कडेवरची पोर होते. मागे उरला फक्त गिरणीच्या पासावरचा काळा-पांढरा फोटो. "ते निमगोरे होते, तू सावळी, आईवर गेलीस," असं नातेवाइकांत बोललं जायचं. आईही नाही म्हणायची नाही. मग मी रोज तोंडाला साय-बेसन चोळायचे.

पुढे मी चित्रं काढून पोट भरू लागले. नोकरीही लागली ती त्याच गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या ऑफिसात. आम्ही एक ॲप करत होतो, ज्यात नाक, डोळे, केस निवडून कुणीही आपलं चित्र बनवायचं. कातडीसाठी रंगाचे चार चौकोन होते, आणि त्यांना नावं थेट लग्नाच्या स्थळांतली: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. मराठी माणसाला आपलं वाटेल म्हणे!

ॲप लोकांपुढे जायच्या आधी मी ते आईला दाखवलं. ती लगेच म्हणाली, "ह्यांचा चित्र कर. माका एकदा रंगात बघूचे आसत."

मी पासावरचा फोटो बघून नाक-डोळे बसवले आणि निमगोरा दाबला.

"ह्यो खंयचो सायब?" आई हसली.

मी सावळा दाबला आणि आईने फोन भिरकावलाच. "शेवटच्या दिवशी असोच रंग पडललो तेंचो. बंद कर ता!"

गोऱ्या रंगात नुसता काळा ओतून आम्ही सावळा बनवला होता. त्यात तांबूस-पिवळा मरतो, उरते ती राख. अख्ख्या ऑफिसात एकालाही ते दिसू नये?

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात कडाकडा भांडले. काम थांबलं. नावं आधी उडवली, कारण चाचणीला बोलावलेली माणसं रंग न बघता नाव बघूनच निवडत होती. मग चाळीच्या गॅलरीत, कोळीवाड्यात, दिवसाउजेडी लोकांचे फोटो घेतले. कॅमेऱ्याने आपल्या मनाने उजळवू नये म्हणून गालाशेजारी करड्या रंगाचं कार्ड धरलं. एकाच बाईचं कपाळ वेगळं, गाल वेगळा, तळवा तर भलताच! चौकोन गेले, दोन सरकपट्ट्या आल्या: एक उजळ ते गडद, दुसरी तांबूस ते पिवळसर. सावलीतही काळा घालायचा नाही असं ठरलं.

पुन्हा फोन आईपुढे धरला. ती बोटाने हळूहळू पट्टी सरकवत गेली, गडद, आणखी गडद, जरा तांबूस. थांबली.

"हे बघ. आता जिते दिसतत."

मी फोन घ्यायला हात पुढे केला आणि अंगठा पडद्यावर बाबांच्या गालाशेजारी टेकला. माझा अंगठा आणि बाबांचा गाल, काडीचा फरक नव्हता.

"आई, हा तर माझा रंग! निमगोरे ना ते?"

"स्थळाच्या कागदात तसा लिवलला," आई डोळे पुसत म्हणाली. "सगळेच लिवतत गो."

म्हणजे एवढी वर्षं आरशासमोर उभी राहून, साय-बेसन चोळून, मी बाबांनाच पुसत होते.