कुकरात शिजवलेली पावडर

आमचा शेफर्ड कुत्रा दिवसातून चारदा खायचा, तरी त्याच्या फासळ्या रस्त्याच्या पलीकडून मोजून घ्या. शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडायच्या, "अरे, उपाशी ठेवता काय रे त्याला?" उपाशी! माझ्या ताटातली पोळी पळवायचा तो. अन् शी? पिवळट, तेलकट, ढीगच्या ढीग. उचलायला रोज मीच. जंताचं औषध दोनदा झालं, फरक शून्य.

शेवटी डॉक्टर म्हणाले, रक्त तपासू. "बारा घंटे पेट खाली रखना. बिस्कुट बी नको." नमुना बाहेरगावच्या लॅबला गेला. आठवड्यानं टीएलआयचा, म्हणजे स्वादुपिंडाच्या तपासणीचा, रिपोर्ट आला, आकडा लई खाली. डॉक्टरांनी समजावलं: ह्याचं स्वादुपिंड पचनाचा रसच बनवत नाय, म्हणून खाल्लेलं, विशेषतः तूप-तेल, न पचताच बाहेर पडतंय. आता प्रत्येक जेवणात पचनाच्या एन्झाइमची पावडर, जन्मभर. बी-ट्वेल्व्ह पण कमी, त्याची इंजेक्शनं. "नाय दिलं तर असाच वाळत जाईल," म्हणाले.

डॉक्टर नाकातून, अगदी सावकाश बोलतात. घरी येऊन मी पावडर कशी द्यायची ते त्यांची हुबेहूब नक्कल करत सांगितलं, चष्मा खाली सरकवून वगैरे. आई हसून हसून ओट्याला टेकली. मला वाटलं, वा, सगळं पोचलं.

दहा दिवस गेले. शी तशीच, वजन उलट अर्धा किलो उतरलं. मी वैतागलो. एवढा महागाचा डबा अन् हे फळ? फोनवर डॉक्टरांवरच चिडलो.

"पावडर कशात देता?"

"खिचडीत."

"गरम?"

मी स्वयंपाकघरात गेलो. आई कुकरातल्या वाफाळत्या खिचडीत चमचाभर पावडर ढवळून परत झाकण लावत होती. "मुरू दे जरा, चांगली लागंल."

"आई! गरमात टाकली की मरते ना ती! डॉक्टर म्हणालेले, मी सांगितलं होतं!"

"कवा सांगितलंस? तू नाकात बोलत होतास, मी हसत होते. त्यात खरं काय अन् तिखटमीठ काय, मला काय ठाव?"

मी फोन ठेवला.

मग साध्या आवाजात सांगितलं: खिचडी थंड होऊ दे, पावडर वरून घाल, मिसळ, मग दे. दर वेळी. तेव्हापासून ताट पंख्याखाली अन् हा शेजारी बसून अख्खी गल्ली डोक्यावर घेतोय. पण आठव्या दिवशी शी तपकिरी, घट्ट, मूठभर. मी फोटो काढला. आईनं कपाळाला हात मारला, पण बघितला दोनदा.

महिन्यानं वजन दीड किलो वाढलं. वजन करायला दवाखान्यात आई स्वतः आलेली. डॉक्टर माझ्याकडं वळून पुढचं सांगायला लागले, तशी ती मधे उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, इकडं, मला सांगा. त्याला नको."