पोस्टरच्या चार रिकाम्या ओळी

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला प्राचार्यांचा निरोप मोबाइलवर आला. ‘कार्यक्रमाच्या पोस्टरचा मजकूर द्यावा. दर्जेदार. आज चारपर्यंत फ्लेक्सवाल्याकडे. उद्या सकाळी गेटवर लागले पाहिजे.’ खाली हात जोडलेले चित्र. कोणता कार्यक्रम, कधी, कुठे आणि चौकशी कुणाकडे करायची, यांपैकी काहीही नव्हते.

मी लातूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. घर नांदेडला. आठवडाभर लातूरला खोलीवर राहतो आणि शुक्रवारी संध्याकाळच्या बसने गावी जातो. मराठीच्या प्राध्यापकाचे खरे काम शिकवणे हे नसून सत्काराचा मजकूर लिहिणे हे आहे, हे नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या ध्यानात आले होते. तेव्हापासून ‘ज्ञान, गुण आणि प्रेरणा यांचा त्रिवेणी संगम’ मी किती वेळा घडवून आणला याची मोजदाद नाही. हा संगम स्नेहसंमेलनाला चालतो, रोजगार मेळाव्याला चालतो आणि निरोप समारंभालाही चालतो. लग्नपत्रिकेत टाकला तरी कुणी हरकत घेणार नाही.

त्यामुळे मजकूर अर्ध्या तासात झाला. वर संस्थेचे नाव, मध्ये संगम, खाली ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’. मध्ये मी चार ओळी रिकाम्या ठेवल्या. कार्यक्रमाचे नाव, दिनांक व वेळ, स्थळ, संपर्क. मागच्या वर्षीही अगदी अशाच ठेवल्या होत्या.

मजकुराचा कागद नेण्यासाठी इतिहासाच्या मॅडम आल्या. त्या तासिका तत्त्वावर होत्या. बाहेरच्यांसाठी सांगतो: अशा प्राध्यापकांची नेमणूक एका वर्षाची असते. दरवर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत, नव्याने यादी. यादीत नाव असेल तर तास, नसेल तर घर. मॅडम उदगीरच्या. तिथून रोज पहाटेच्या गाडीने यायच्या. प्रसिद्धी समितीचे काम त्यांच्याकडे होते, कारण नकार देणे त्यांना परवडणारे नव्हते. आदल्याच सोमवारी प्राचार्यांनी सगळ्या स्टाफसमोर त्यांना ऐकवले होते की प्रसिद्धीत यंदा एक जरी चूक झाली तरी जूनमध्ये आपण दुसरे कुणी बघू.

त्यांनी कागद वाचला आणि रिकाम्या ओळींवर बोट ठेवले.

“सर, हे?”

मी म्हणालो, ते प्राचार्य सांगतील. त्यांनी मोबाइल पुढे केला. सात वेळा फोन केला होता. प्राचार्य संस्थेच्या कार्यालयात बैठकीला होते आणि फोन उचलत नव्हते. उपप्राचार्य रजेवर होते. कार्यालयात विचारले तर मुख्य लिपिकांनी पाहुण्यांच्या फोटोंचा पेनड्राइव्ह काढून दिला. फोटो आठवड्यापूर्वीच आले होते. बाकी काही आले नव्हते.

आमच्याकडे कार्यक्रम असाच उभा राहतो. आधी पाहुणा ठरतो, मग त्याचा फोटो येतो, मग फोटोंचा क्रम लागतो. क्रमावरून दोनदा रुसवाफुगवी होते. मग पाहुण्याचे स्वीय सहायक वेळ देतात, त्यावरून तारीख निघते. कार्यक्रम कशासाठी आहे, हे सर्वांत शेवटी ठरते. पण संस्थेचे अध्यक्ष शनिवारी सकाळी मुंबईहून येणार होते आणि गेटमधून आत शिरताना त्यांना स्वतःचा फोटो दिसायला हवा होता. त्यामुळे पोस्टर तारखेच्या आधी निघाले होते.

मॅडमनी सकाळपासून जमेल तेवढे गोळा केले होते. लिपिकांच्या कानावर पुढचा गुरुवार आला होता, शिपायाच्या कानावर शनिवार. कार्यक्रम माजी विद्यार्थी मेळावा असावा, असे वाणिज्य विभागाचे म्हणणे होते. विज्ञान विभाग रोजगार मेळाव्यावर ठाम होता. मॅडमचा कल गुरुवारकडे होता. लिपिक शिपायापेक्षा वरचा, एवढाच त्यामागचा आधार.

फ्लेक्सचे दुकान बार्शी रोडला. तीन वाजता आम्ही दोघे रिक्षाने तिथे पोचलो. तशी मी यायची गरज नव्हती. मागच्या वर्षी आलोही नव्हतो.

दुकानदार साधारण चाळिशीचा, उत्साही. त्याने कागद घेतला, बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटरवर आमची मागच्या वर्षीची फाइल उघडली. या धंद्यात नवे पोस्टर कुणी करत नाही. जुने उघडायचे, फोटो बदलायचे, अक्षरे बदलायची. जे बदलायला सांगितले नाही ते जसेच्या तसे राहते.

“तारीख वगैरे खाली हायच की,” तो म्हणाला. “फकस्त वर्ष बदलतो. सभागृह तेच ना? नंबर पन हाय.”

तो नंबर आम्ही दोघांनी एकदमच वाचला. भूगोलाच्या सरांचा. तेही तासिका तत्त्वावरचे होते.

मागच्या वर्षी मी संगम लिहिला, चार ओळी रिकाम्या ठेवल्या, कागद त्यांच्या हातात दिला आणि नांदेडची बस पकडली. त्यांनी एका जुन्या परिपत्रकावरून तारीख भरली. दुकानदाराने नमुना मोबाइलवर पाठवून ‘ओके करा’ म्हटले. सरांनी ओके केले. पाहुणे फ्लेक्सवरच्या तारखेच्या आदल्या दिवशी आले. सभागृहात सतरंज्या होत्या, माइक होता, अध्यक्ष होते, विद्यार्थी नव्हते. अध्यक्षांनी त्या रिकाम्या सभागृहात एकच प्रश्न विचारला: ओके कुणी दिला? जूनच्या यादीत भूगोलाच्या सरांचे नाव नव्हते. कारण ‘कार्यभार कमी’ असे होते. मजकूर कुणी लिहिला, हे कुणी विचारले नाही आणि मीही सांगायला गेलो नाही.

मॅडमना हे सगळे माहीत होते. त्या स्क्रीनवरच्या नंबरकडे बघत होत्या. मग दुकानदाराला म्हणाल्या, “गुरुवार टाका.”

दुकानदाराने टाकले. फोटो बसवले. अध्यक्ष मागच्या वर्षीपेक्षा मोठे दिसत होते. पावणेचार वाजले.

“मॅडम, पाठवला बगा. ओके करा. मशिनीवर दुसऱ्याचं काम लावायलोय, तुमचं आता लागलं तर सकाळी भेटल.”

मॅडमच्या मोबाइलवर पोस्टर आले. त्यांचा अंगठा पडद्यावर होता. मला माझी बस आठवत होती. पाचची. इथून निघून खोलीवरची पिशवी घ्यायची म्हटले तर याच क्षणी उठायला हवे होते आणि उठलो असतो तर कुणी काही म्हणाले नसते.

मी दुकानदाराला म्हणालो, गुरुवार काढा. नंबरही काढा. माझ्या कागदावर जशा आहेत तशा चार ओळी रिकाम्या ठेवा आणि नमुना प्राचार्यांच्या मोबाइलवर पाठवा. ओके ते करतील.

दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. “सर, साहेब लोक ओके करत नसतात. तुमच्यातलंच कुनीतरी करतं.”

“यंदा ते करतील,” मी म्हणालो. मॅडमनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांची नोकरी त्यांना न विचारता पणाला लावली आहे. तशी मी लावलीच होती. माझी नोकरी कायम आहे. निवृत्तीपर्यंत मला कुणी काढू शकत नाही. अशा माणसाला ताठ कणा फार स्वस्तात पडतो.

मॅडम उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटले, आता त्या म्हणतील, राहू द्या, गुरुवारच टाका. तशा परत आल्याही. म्हणाल्या, “माझ्या मोबाइलवरून पाठवते. दुकानाच्या नंबरवरून गेलं तर ते बघणार नाहीत.” आणि खाली स्वतः लिहिले, ‘सर, चार ओळी रिकाम्या आहेत. भरून ओके कळवावे.’

मग आम्ही वाट बघितली. सव्वाचार. मशीन दुसऱ्या कुणाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स ओकत होते. भावी कुणीतरी होते आणि त्याच्या गळ्यात जाड साखळी होती. दुकानदाराने चहा मागवला. मॅडमनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. चार पंचविसाला प्राचार्यांचा फोन आला. मॅडमनी स्पीकर लावला नव्हता, तरी आवाज आम्हाला ऐकू येत होता. हे काय अर्धवट पाठवलेय, एवढेही जमत नाही का, मराठीचे सर काय करत होते, अध्यक्ष उद्या येणार आहेत हे कळते का. बराच वेळ ते चालले. मॅडम ऐकत होत्या. मग एका ठिकाणी श्वास घ्यायला आवाज थांबला.

“सर, तारीख तुम्ही सांगा, मी टाकते,” त्या म्हणाल्या. “अंदाजानं टाकणार न्हाई.”

उदगीरची बोली त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली.   प्राचार्य म्हणाले, “थांबा,” आणि फोन ठेवला.

तारीख त्यांनाही माहीत नव्हती. हे आम्हाला नंतर मुख्य लिपिकांकडून कळले. प्राचार्य तसेच उठून अध्यक्षांच्या स्वीय सहायकाकडे गेले, त्याने पाहुण्यांच्या स्वीय सहायकाला फोन लावला आणि पोस्टरमुळे का होईना, त्या महिन्यात पहिल्यांदाच कुणीतरी कार्यक्रम कधी आहे हे विचारले. पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तर आले. माजी विद्यार्थी मेळावा. पुढचा मंगळवार, सकाळी अकरा. गुरुवारही नाही, शनिवारही नाही. स्थळ जुने सभागृह नव्हे, मैदानावरचा मांडव. चौथ्या ओळीपुढे लिहिले होते: ‘संपर्क, तुमचाच टाका.’

मॅडमनी ‘तुमचाच’ हा शब्द दोनदा वाचला. मग पर्समधून कॉलेजचे पत्र काढले आणि त्यावरचा कार्यालयाचा फोन नंबर दुकानदाराला सांगितला. दुरुस्त नमुना पुन्हा गेला. आता सहा वाजायला आले होते. वीस मिनिटांनी इंग्रजीत दोन अक्षरे आली. ओके. दुकानदाराने आपण होऊन त्या निरोपाचा फोटो काढून ठेवला आणि मगच आमचे काम रात्रीच्या मशीनवर लावले. हुशार माणूस.

त्या रात्री मी लातूरलाच राहिलो. बस चुकली, एवढाच माझा त्याग.

मंगळवारी मेळावा झाला. माणसे आली. पाहुणे दीड तास उशिरा आले, पण त्याच दिवशी आले. अध्यक्षांनी शनिवारीच गेटवरचे पोस्टर पाहिले होते आणि फोटो थोडा काळा आला आहे, असे मत दिले होते. त्यावर प्राचार्यांनी मॅडमना बोलावून पंधरा मिनिटे सुनावले. जूनपर्यंत त्या रोज कार्यालयाच्या फलकाकडे बघून मगच वर्गात जायच्या. यादी लागली तेव्हा त्यांचे नाव होते. सर्वांत खाली, पण होते. प्रसिद्धी समिती मात्र त्यांच्याकडून काढून माझ्याकडे देण्यात आली.

त्यानंतरच्या शनिवारी नांदेडला भूगोलाचे सर भेटले. ते आता तिथे एका क्लासमध्ये शिकवतात. वर्षभर मी त्यांना टाळत होतो. नांदेड त्या मानाने लहान निघाले. रसवंतीच्या बाकावर बसून मी त्यांना मेळाव्याची सगळी हकिकत सांगितली. हसून सांगितली. ते हसले नाहीत.

“माझ्या वेळी तुम्ही दुकानात आला असता तर?” त्यांनी विचारले.

पाचची बस होती, असे मी म्हणालो. ते खरेच होते. त्यांनी मान हलवली, ग्लास संपवला आणि क्लासची वेळ झाली म्हणून उठले.