अकराचा मेसेज, सातचं बुकिंग

त्या महिन्याचा रिपोर्ट मी तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा तो बरोबर निघाला. बेरजा जुळत होत्या, एकही ओळ दोनदा मोजलेली नव्हती. फक्त तो फार चांगला होता.

आमची कंपनी दुचाकींची घरपोच सर्व्हिसिंग करायची. मेकॅनिक पेटी घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाहीतर कारखान्याच्या गेटबाहेर यायचा आणि तासाभरात गाडी करून द्यायचा. गिऱ्हाइकं बहुतेक चाकण आणि भोसरीकडच्या कारखान्यांतली. ऑफिस मात्र ताथवड्याला, एका कॉलेजसमोरच्या इमारतीत. मी तिथे डेटा अ‍ॅनालिस्ट होते. थेरगावला घरी हे नेमकं काय काम असतं ते वडिलांना समजावायचा मी दोनदा प्रयत्न केला. ते तीस वर्षं कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे भाग दाबून काढायच्या कामावर होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे क्वालिटीवाली." मी हो म्हणाले.

काम सोपं होतं. ज्यांच्या गाडीची सर्व्हिसिंग आली आहे त्यांची यादी रोज दुपारी तयार व्हायची. तीन ते सहा आमच्या कॉलिंगच्या तिघी त्या यादीतल्यांना फोन करायच्या. संध्याकाळपर्यंत ज्यांनी बुकिंग केलं नसेल, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मोबाईलवर मेसेज जायचा. फोननंतर किंवा मेसेजनंतर सहा तासांच्या आत बुकिंग झालं, तर त्याचं श्रेय त्या फोनला किंवा मेसेजला. हा सहा तासांचा नियम मी येण्याआधीपासून होता. कुणी केला ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तो बदलायचा असं कुणाला वाटलंही नाही.

त्या महिन्यात मेसेजमुळे झालेली बुकिंगं दुपटीच्या वर गेली. मेसेज पाठवणारी एजन्सी आम्ही त्याच महिन्यात बदलली होती, त्यामुळे कारण शोधत बसायची गरज पडली नाही. नवी एजन्सी चांगली, असं ठरलं. माझ्या सरांनी मीटिंगमध्ये माझा तक्ता पडद्यावर लावला आणि त्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बघा. डेटा बोलतो." सगळ्यांना वडापाव आले.

आठवड्याभरात त्या तक्त्यावरून एक निर्णय झाला. मेसेज इतकं काम करतो, तर फोन कशाला? पुढच्या महिन्यापासून कॉलिंग बंद. तिघींना तसं सांगण्यात आलं. सांगताना सरांनी तोच तक्ता पुन्हा लावला. माझं नाव त्यावर खाली कोपऱ्यात होतं, बारीक अक्षरात, पण वाचता येईल इतकं.

तिघींतल्या ज्या वयाने मोठ्या, त्यांना आम्ही सगळे ताई म्हणायचो. लातूरकडच्या, नवरा चाकणकडच्या निघोज्याजवळ एका कारखान्यात फिटर. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, आता बोलणार. मी आधीच काय उत्तर द्यायचं ते जुळवायला लागले.

त्या म्हणाल्या, "तुला एक विचारायचं होतं. मेसेज किती वाजता जातो गं?"

"अकराला."

"मग लोकं आमच्यावर का चिडायलेत?" त्यांनी वही उघडली. कोणाचा फोन आला, काय म्हणाला, हे त्या हाताने लिहून ठेवायच्या. सिस्टीममध्ये लिहायची सोय होती, पण तिच्यात 'शेरा' या रकान्यात वीसच अक्षरं मावायची. "हा बघ. ह्याला परवा मी फोन केला. म्हणाला, सकाळी बसमधे बसलो की करतो. सात वाजता केलं त्याने बुकिंग. आन् अकराला तुमचा मेसेज, की बुकिंग करा. मला फोन करून म्हणला, ताई, केलंय की, किती मागं लागता. असे रोज चार-पाच हायेत."

मी म्हणाले, "यादी आदल्या संध्याकाळची असते ना ताई. सकाळी केलेली बुकिंगं तिच्यातून वगळलेली नसतात."

"हां, ते असंल," असं म्हणून त्यांनी डबा उघडला. नोकरीचा विषय त्यांनी काढलाच नाही. मीही काढला नाही.

त्या गेल्यावर मी त्या माणसाचा नंबर सिस्टीममध्ये घातला. त्यामागे काही संशय नव्हता. जेवून झालं होतं आणि सुट्टीची दहा मिनिटं उरली होती. बुकिंगची वेळ सात वाजून चार मिनिटं. श्रेय कुणाला, तर मेसेजला.

अकराच्या मेसेजमुळे सातला बुकिंग झालं होतं.

मी एजन्सीकडून आलेली मूळ फाईल उघडली. त्या माणसाच्या नावापुढे मेसेज पाठवल्याची वेळ होती पहाटे साडेपाच. पुढच्याही नावापुढे साडेपाच. सगळ्याच नावांपुढे साडेपाच. महिनाभर मी ही फाईल रोज वापरत होते, पण तिच्यातल्या वेळा सूत्रच वाचायचं, मी नाही.

चाचणीसाठी म्हणून माझा स्वतःचा नंबर त्या यादीत कायमचा होता. मी माझा मोबाईल काढला. मेसेज बरोबर अकराला आला होता. फाईलमध्ये माझ्याही नावापुढे साडेपाच.

मग एजन्सीला फोन लावला. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मॅडम, आमच्या सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात. भारतीय वेळ हवी असेल तर सेटिंगमध्ये बदलता येते." जागतिक प्रमाणवेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे अकरा वाजतात तेव्हा तिथे साडेपाच. जुनी एजन्सी भारतीय वेळ द्यायची. नव्या फाईलमध्ये रकान्याचं नाव तेच होतं, तारखेची मांडणी तीच होती, आणि कुठली वेळ ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आमची बुकिंगं मात्र भारतीय वेळेतच नोंदली जात होती.

म्हणजे मेसेजनंतरचे सहा तास मी अकरा ते पाच मोजत नव्हते. साडेपाच ते साडेअकरा मोजत होते. त्यातला शेवटचा अर्धा तास खरा. उरलेले साडेपाच तास मेसेज कुणाच्याच मोबाईलवर नव्हता. आणि नेमक्या त्याच वेळात चाकणच्या बसेस भरून निघतात. फर्स्ट शिफ्टचा माणूस सहाला बसमध्ये असतो, जनरलचा आठला, आणि दोघांच्याही हातात मोबाईल असतो. अकरानंतर ते लाईनवर असतात, बहुतेक ठिकाणी मोबाईल लॉकरमध्ये.

अशा सकाळी झालेल्या बुकिंगांपैकी वीस मी हाताने तपासली. सोळा जणांशी आदल्या दुपारी ताई आणि बाकीच्या दोघी फोनवर बोलल्या होत्या; चौघांना फोन लागला नव्हता. फोन चारचा, बुकिंग दुसऱ्या दिवशी सातचं. सहा तास केव्हाच उलटून गेलेले, म्हणून फोनला श्रेय नाही. जुन्या रिपोर्टमध्ये ही बुकिंगं कुणाच्याच नावावर नसायची. नव्या रिपोर्टमध्ये ती मेसेजच्या नावावर गेली होती.

मी पाणी पिऊन आले. मग वॉशरूममध्ये जाऊन पाच मिनिटं नुसती उभी राहिले. आपण हे कुणालाच सांगितलं नाही तर, हा विचार मनात आला नाही असं म्हणणं खोटं होईल. पुढच्या महिन्यात गुपचूप सेटिंग बदललं असतं, तर आकडे खाली आले असते आणि नवी एजन्सी वाईट, असं ठरलं असतं. मला कुणी विचारलं नसतं. हा बेत इतका नीट जुळत होता की मला त्याचीच भीती वाटली.

सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं.

"नक्की?" ते म्हणाले.

"नक्की, सर. सूत्र दुरुस्त करून महिना पुन्हा काढला. मेसेजची बुकिंगं आधीच्या महिन्यापेक्षा थोडी कमीच आहेत."

"कमी?"

"थोडी."

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. "महिनाअखेरीला सांगू. तोपर्यंत अजून एकदा बघून घे."

"महिनाअखेरीला कॉलिंग बंद होतंय, सर."

सर वाईट माणूस नव्हते. तो तक्ता मालकांना त्यांनी स्वतःच्या तोंडाने समजावला होता, आणि तेच तोंड घेऊन आता परत जायचं होतं. त्यांनी गाडीची किल्ली उचलली. "चल. तूच सांग. मी बाजूला बसतो."

मालक मूळचे निघोज्याचेच. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. स्पेअर पार्टचं गोदाम गावात होतं आणि ऑफिसपेक्षा तेच त्यांना बरं वाटायचं. तिथे ऑइलच्या डब्यांमध्ये खुर्च्या टाकून आम्ही बसलो. मी लॅपटॉप उघडला. दोनच मिनिटांत अण्णांनी तो हाताने मिटवला.

"ते ऱ्हाऊ द्या, मॅडम. तोंडानं सांगा."

मी सांगितलं. ताईंच्या वहीतला सातचा माणूस सांगितला.

अण्णा म्हणाले, "म्हंजी मेसेज जायच्या आदीच लोकं त्याचं ऐकत व्हती."

"हो."

"आन् ह्ये कुनाच्या ध्यानात आलं न्हाई."

"माझ्या यायला हवं होतं. माझी चूक आहे," मी म्हणाले. सर डब्यांवरची लेबलं वाचत होते. मग ते म्हणाले, "मीही बघितलं नाही, अण्णा. आकडा आवडला मला."

अण्णांनी चहा सांगितला. मग म्हणाले, "फोनवाल्या पोरींना थांबवा. म्हंजी ठेवा, कामावर. आन् ती सहा तासाची भानगड कुनी काढली?"

सर पुन्हा डब्यांवरची लेबलं वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी ताईंकडे गेले आणि काय झालं होतं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं झालं कळलं ते," एवढंच म्हणाल्या. माफीचं वाक्य मी ठरवून आले होते, ते मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "तू काय मुद्दाम केलंस का." पण तिघींतली सगळ्यात धाकटी तोवर चिंचवडच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला लागली होती आणि तिने परत यायला नकार दिला. तिथे ड्युटी आठच तासांची आहे, इथल्यासारखी दहा तासांची नाही, असं ती ताईंना म्हणाली. तिच्या जागी कुणाला घेतलं नाही. तिची यादी दोघींत वाटली गेली. ते माझ्या तक्त्यामुळे झालं, आणि ते कुठल्या सेटिंगमध्ये बदलता येणार नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी अण्णांकडे एक परवानगी मागितली. यादीतल्या दर पाचव्या माणसाला मेसेज पाठवायचाच नाही, म्हणजे मेसेजने खरंच किती फरक पडतो ते कळेल.

"न पाठवून काय कळनार?" त्यांनी विचारलं.

"तो तरीही करतो का, ते."

ते हसले, तेही थोडंच. "आमची आई बी असंच करायची," म्हणाले. "हाक मारायचीच न्हाई. बगायची, जेवायला येतंय का."

महिन्याने निकाल आला. मेसेज न गेलेल्यांनीही जवळपास तितक्याच प्रमाणात बुकिंग केलं होतं. मेसेज गेलेल्यांत किंचित जास्त. मी तो फरक तक्त्यात टाकला, शेजारी मेसेजची आणि बुकिंगची, दोन्ही वेळा भारतीय असल्याचं लिहिलं आणि सरांना पाठवला. त्यांनी तो उघडला, वाचला आणि विचारलं, "एवढाच?"

"एवढाच, सर."