चादरींच्या मागचा खोका

लहान मुलांच्या वॉर्डात मी इनचार्ज सिस्टर होते. आमच्या कपाटात प्रत्येक खणावर एक आकडा चिकटवलेला असे. बाळांना लावायच्या सलाईनच्या सर्वांत बारीक, पिवळ्या सुयांच्या खणावर तीस. रोज सकाळी मोजायचं, आणि तिसाला जेवढ्या कमी पडतील तेवढ्या स्टोअरमधून यायच्या. जास्त ठेवल्या तर मुदत संपते, शिवाय कपाटात जागा नाही.

एका रविवारी, स्टोअर बंद असताना, त्या संपल्या आणि एका बाळाची आई अर्धा तास माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तेव्हापासून मी चादरींच्या मागे एक खोका भरत गेले. मोजणीत तो धरत नसे.

दोनेक वर्षांनी कपाट हलवताना स्टोअरवाल्या मामांना तो सापडला. त्यांनी चष्मा लावून तारीख वाचली. मुदत गेल्याच आठवड्यात संपली होती.

"सिस्टर, मागल्या म्हैन्यात खालच्या वॉर्डातली नर्स ह्याच सुया मागाय आलती की तुमच्याकडं. न्हाईत म्हणालासा. जाडी सुई घिऊन चारदा टोचली पोराला."

"खणात चारच होत्या," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

मामांनी खोका उचलून नेला. मला काही वाटलं नाही, आणि तेच मी दिवसभर तपासत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीत सव्वीस भरल्या. मी वहीत चोवीस लिहिलं आणि दोन सुया चादरींच्या मागे ठेवल्या.