अंजनीने चुकलेला ढग दुरुस्त केला

पालेगावच्या अंजनीने बारा वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगचं काम केलं. ते करता करताच मुक्त विद्यापीठाची पदवी काढली आणि अडतिसाव्या वर्षी बी.एड.ला प्रवेश घेतला. वर्गात ती सगळ्यांची ताई.

सराव पाठासाठी तिला बदलापूरची एक शाळा मिळाली. इयत्ता सहावी, विषय जलचक्र. मुलं जांभया देणार हे ठाऊक असल्यामुळे तिनं सांगितलं, "सूर्य स्ट्रॉ घालून समुद्र पितो. मग ढगांची मारामारी होते आणि पाणी सांडतं!" वर्ग खदखदून हसला. अंजनी हरखली.

शेवटी तिनं विचारलं, "पाऊस का पडतो?"

"ढगांच्या मारामारीमुळे!" चाळीस तोंडं एकदम ओरडली.

मागच्या बाकावर बसून पाठ तपासणाऱ्या शीलामॅडमनी नंतर तिला बाजूला घेतलं. "हसवलंत छान. पण मुलांच्या डोक्यात चूकच पक्की बसली ना? परवा पुन्हा घ्या."

अंजनीला रडू यायचं तेवढं बाकी होतं. घरी चहा ठेवताना तिचं लक्ष किटलीकडे गेलं. तोटीच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नव्हतं, पांढरं धुकं बोटभर पुढे सुरू होत होतं. म्हणजे वाफ दिसतच नाही, दिसतात ते थंड होऊन झालेले थेंब! ती एकटीच हसली. खोटं जोडायची गरजच नव्हती, गंमत खऱ्यातच होती.

दोन दिवसांनी त्याच वर्गात तिनं एका थेंबाची गोष्ट सुरू केली. "समुद्रातून निघताना थेंब मिठाला म्हणाला, 'चल की!' मीठ म्हणालं, 'मला उडता येत नाही बाबा.' थेंब एकटाच गेला, वाफ होऊन, कुणाला न दिसता. वर गारठला, पण पुन्हा थेंब व्हायला टेकायला काहीतरी हवं! धुळीचा कण म्हणाला, 'बस माझ्यावर.' असे बारीक बारीक थेंब जमले की झाला ढग. पण तेवढ्यानं पाऊस नाही. साधारण दहा लाख थेंब एकत्र आले की पावसाचा एक थेंब!"

"बाप रे, आमच्या सोसायटीत मीटिंगला दहा माणसं जमत नाहीत!" मांजर्लीची किर्ती म्हणाली. सगळा वर्ग हसत सुटला.

किर्तीनंच मग हात वर केला. "ताई, आमच्या घरात पुराचं पाणी आलं होतं, ते कुठं गेलं?"

"बरंचसं उल्हास नदीतून खाडीकडे, थोडं जमिनीत, थोडं हवेत."

"मग ते परत येणार!"

"येणार. फक्त तुझ्याच घरी येईल असं नाही."

शेवटी "ढग म्हणजे काय?" असं विचारल्यावर किर्ती उठून म्हणाली, "वाफ नाही, थेंबांची गर्दी!"

शीलामॅडमनी शेरा लिहिला, 'मुलं हसली आणि बरोबर तेच शिकली', आणि वही अंजनीपुढे सरकवली. तिनं तो दोनदा वाचला, मग डबा उघडून मॅडमना भाकरी-भाजी वाढली.