शह बसलेला राजा

गिरीज गावच्या इग्नेशियस सरांनी एकोणीस वर्षं एकच काम नेमाने केलं. रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकायच्या आणि मुलांना बुद्धिबळ शिकवायचं. बाकी सहा दिवस माणूस आपल्या वेलची केळीच्या वाडीत. फी नाही, दारावर पाटी नाही, जाहिरात तर नाहीच. पण हल्ली मुलं एव्हरशाईन वसाहतीतल्या कॉम्प्युटरवाल्या क्लासला जाऊ लागली, आणि फादरांनी परवा सांगूनच टाकलं, "इग्नेस, यंदा एक तरी पोर जिल्ह्याच्या संघात जाऊ दे. नाहीतर हॉल डान्सवाल्यांना द्यावा लागेल."

एक पोर. आणि ते पोर म्हणजे तेरा वर्षांची नेहल. वसई पूर्वेच्या एका शाळेत निवड स्पर्धा होती. शेवटचा डाव नेहलने जिंकला की ती संघात, आणि हॉल सरांचा. सर दोरीमागे पालकांच्या घोळक्यात उभे होते, आणि हातातली टोपी पिळून पिळून तिचं फडकं झालं होतं.

सुरुवातीलाच भांडण. नेहलचं पांढरं प्यादं पाचव्या रांगेत होतं. समोरच्या केयूरने आपलं प्यादं मूळ जागेवरून दोन घरं उडवून त्याच्या शेजारी आणून ठेवलं. नेहलने आपलं प्यादं तिरकं पुढे सरकवलं आणि केयूरचं प्यादं उचलून बाजूला ठेवलं. केयूर ओरडलाच, "ए, चीटिंग! ते तिरक्या घरात कुठे होतं?"

पंच अश्लेषा मॅडम आल्या. "याला एन पासां म्हणतात. तू दोन घरं येऊन तिच्या प्याद्याच्या शेजारी थांबलास. एकच घर आला असतास तर तिने जसं मारलं असतं, तसंच आता मारता येतं. मात्र लगेचच्याच चालीत. एक चाल मधे गेली की हक्क गेला."

सरांची छाती फुगली. हे मीच शिकवलंय हो! केयूरच्या घोड्याने ते प्यादं खाल्लं, पण नेहलच्या राजासमोरची उभी रांग मोकळी झाली होती. काही चालींनी त्याने वजीर त्या रांगेत आणून शह दिला. नेहलने राजा न हलवता मधे उंट घातला. शाबास!

इतक्यात शाळेच्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला सलोनीचा आवाज चढला. तीही सरांचीच विद्यार्थिनी. सर दोरीच्या कडेकडेने तिकडे धावले. तिच्यासमोरच्या रेमंडने राजा हत्तीच्या दिशेने दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवला होता.

"रेमंडला किल्लेकोट करता येणार नाही! मघाशी त्याच्या राजाला शह बसला होता. आमच्या सरांनी सांगितलंय, एकदा शह बसला की किल्लेकोट गेला."

"चुकीचं सांगितलंय," अश्लेषा मॅडम शांतपणे म्हणाल्या. "राजा आणि तो हत्ती आधी हललेले नकोत. मधली घरं रिकामी हवीत. राजा आत्ता शहात नको, आणि ज्या घरावरून जाणार, जिथे बसणार, तिथे मारा नको. मघाचा शह राजा न हलवता टळला ना? मग किल्लेकोट चालतो. अगदी हत्तीवर मारा असला तरी."

सरांच्या पायाखालची जमीनच सरकली. लहानपणी आजोबांकडून ते जुना गावठी खेळ शिकले होते. त्यात राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मिळायची, तीही शह बसायच्या आधीच. तोच नियम त्यांनी किल्लेकोटाला चिकटवला होता. एकोणीस वर्षं! कुणी विचारलं नाही, त्यांनी पुस्तक उघडलं नाही.

आणि मग आठवलं. नेहल!

ते परत आले तेव्हा ती कानांवर हात दाबून बसली होती. विचार करताना तशीच बसते, तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. राजा आणि हत्ती जागचे हलले नव्हते, मधली दोन्ही घरं मोकळी होती, त्यांवर माराही नव्हता. कर गं बाई, किल्लेकोट कर! एक शब्द पुरला असता. पण बाहेरून शब्द म्हणजे डाव बाद. देवमाते, आता काय करू? सरांनी ओठ दातांखाली असा धरला की रक्त आलं. नेहलने कोपऱ्यातलं प्यादं ढकललं. पुढच्या चालीतही तेच. केयूरचा हत्ती आला, दुसरा आला, उंट जागीच खिळला, आणि राजा मधोमध मेला.

नेहल दोरीखालून बाहेर आली. डोळे डबडबलेले.

"सॉरी सर. तो शह बसला नसता तर किल्लेकोट करून सुटले असते."

सर गप्प राहिले असते तर निदान आत्ता तरी तिला कळलं नसतं.

"बसला तरी करता येत होता, बाळा," सर म्हणाले. "मीच चुकीचं शिकवलं. मला आत्ता कळलं."

ती रडायची थांबली.

"मग सर," तिने हळूच विचारलं, "बाकीचं जे शिकवलंत, ते?"

सरांनी टोपी डोक्यावर घालायला उचलली, पण ती न घालताच ते अश्लेषा मॅडमकडे नियमांचं पुस्तक मागायला निघाले.